उन्हाळी ठिबक सल्ला, कोल्हापूर जिल्हा : टाकी मोठी नको, उंच हवी

वैशाखाच्या उन्हात मिरची-टोमॅटोची कोवळी रोपं तहानली तर सावरत नाहीत. वळवाच्या भरवशावर राहू नका. लाईटचा नेम नसतो म्हणून टाकी भरून उताराने ठिबक चालवतात, आणि कडेच्या सरीतली रोपं वाळतात ती एकाच दुर्लक्षामुळे: टाकीतलं पाणी ड्रीपरपेक्षा किती वर आहे, हे मोजलेलंच नसतं.

दाब पडत नाही म्हटलं की दुकानातून पाच हजार लिटरची टाकी गळ्यात मारतात. घेऊ नका. तळाचा दाब फक्त पाण्याच्या उभ्या उंचीवर ठरतो: मीटरला ०.१ किलो. रुंद टाकीत पाणी जास्त, पण ते पेलायला तळही तेवढाच मोठा, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरवरचा भार वाढत नाही. खाली निमुळती टाकी असेल तर जादा पाण्याचं वजन तिरक्या भिंती पेलतात. तोटीपाशी दाब तोच.

हिशेब करून बघा. पाच हजारची टाकी जमिनीवर, आत पाणी १.८ मीटर: दाब ०.१८ किलो. टाकी रिकामी होत जाईल तसा तो शून्यावर येतो, म्हणजे शेवटचं पाणी असून नसल्यासारखं. हजार लिटरची टाकी २ मीटरच्या कट्ट्यावर, आत पाणी १.२ मीटर: ०.३२ किलो, आणि टाकी संपतानाही ०.२ राहतो. एक किलो दाबाला तासाला ४ लिटर देणारा साधा ड्रीपर इथे भरल्या टाकीला सव्वादोन लिटरच्या आसपास देतो, शेवटी पावणेदोन. तेवढा वेळ वाढवा.

पन्हाळा-शाहूवाडीकडे रान उताराचं असेल तर कट्टाही नको; टाकी वरच्या बांधावर ठेवा. कट्टा बांधलात तर तळ सपाट आणि भक्कम हवा, कारण हजार लिटर म्हणजे एक टन. वजन मात्र आकारमानानेच वाढतं.

उंची गवंड्याच्या पारदर्शक पाणीनळीने तपासा. नळी शेवटच्या लॅटरलच्या टोकाला जोडून उभी धरा. सगळं बंद असताना नळीतलं पाणी टाकीच्या पातळीला येतं. ठिबक सुरू केल्यावर ते जितकं खाली उतरेल तितका दाब वाटेत खाल्ला जातोय. एक मीटरहून जास्त उतरलं तर आमचा पहिला संशय तुंबलेल्या जाळीवर, दुसरा बारीक पाइपवर.

रोजचं काम:
- जाळीफिल्टर धुणे
- लॅटरलची टोकं उघडून गाळ काढणे
- पहिल्या व शेवटच्या ड्रीपरखाली १५ मिनिटं भांडं ठेवून पाणी मोजणे

एवढ्या दाबावर व्हेंचुरी खत ओढत नाही, ती विकत घेऊ नका. १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम थेट टाकीत विरघळवा. दाब-नियंत्रक महागडे ड्रीपरही नकोत, इतक्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत.