नव्या घराला तडे: तज्ज्ञाचा अहवाल कसा करून घ्यावा

मराठवाड्यात काळ्या रानातल्या प्लॉटवर बांधलेलं घर बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच बोलू लागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. मालक म्हणतो पाया खचला, गुत्तेदार म्हणतो नुसतं प्लास्टर फाटलंय, पुट्टी भरून देतो. ती पुट्टी भरू देऊ नका, कारण तडाच पुरावा आहे.

आधी करारनामा, नकाशा, बिलं आणि तारखेसह फोटो एकत्र करा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. गुत्तेदाराचा भागीदार किंवा तुमचा मेव्हणा नको. पाहणीची तारीख गुत्तेदाराला लेखी कळवा. तो आला नाही तरी चालेल, पण बोलावलं होतं याची नोंद अहवालात हवी.

इंजिनिअरला "काम खराब आहे का?" असं विचारू नका. तडा कशामुळे गेला, करारापेक्षा वेगळं काय झालं आणि दुरुस्तीला किती खर्च येईल, हे तीन प्रश्न लेखी द्या.

समजा, परभणीजवळच्या एका घरात तडा वर 4 मिमी रुंद आणि खाली केसासारखा आहे. प्लास्टर खरवडल्यावर तो विटांतूनही गेलेला दिसतो, म्हणजे प्लास्टरचा मुद्दा तिथेच संपतो. वर रुंद तडा कोपरा खाली गेल्याकडे बोट दाखवतो. करारात पाया मुरमापर्यंत न्यायचा होता. कोपऱ्याशी खड्डा घेतल्यावर तो चार फुटांवर, काळ्या मातीतच संपलेला सापडतो. तिथली माती प्रयोगशाळेत जाते. चाळलेली 10 ग्रॅम माती रॉकेलमध्ये आणि तेवढीच पाण्यात ठेवतात. रॉकेलमध्ये ती 10 मिली राहिली आणि पाण्यात 18 मिली झाली, तर फुगवण 80 टक्के. अशी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते.

तरीही तडा अजून हलतोय का, हे एका भेटीत कळत नाही. त्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा आणि शक्यतो उन्हाळा-पावसाळा दोन्ही पाहा; पट्टी तडकली तर तडा हलतोय. पण ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून साधारण 2 वर्षांत जावं लागतं, तेव्हा नोंदींपायी मुदत घालवू नका.

चांगल्या अहवालात तुमच्या बाजूचे दोषही येतात. पायाशेजारी लावलेलं झाड, गळकी मोरी, भिंतीलगत सोडलेलं बागेचं पाणी, हे सगळं तपासून त्याचा वाटा किती ते लिहायला सांगा. ते गाळलं, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

जे डोळ्यांनी दिसलं, जे मोजलं आणि जे अनुमान आहे, ते अहवालात वेगवेगळं मांडलेलं असावं. हातोडा चाचणीवरून काँक्रीटची ताकद ठामपणे सांगितली असेल तर थांबा. ती अंदाज देते, खात्रीसाठी कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा, कापून काढावा लागतो. "गुत्तेदाराने फसवलं" हे वाक्य इंजिनिअरने लिहू नये, ते ठरवणं आयोगाचं काम.

शेवटी दुरुस्तीचा अंदाज क्रमाने घ्या: आधी पाण्याचा निचरा, मग कोपऱ्याचा पाया मुरमापर्यंत नेणं, आणि त्यानंतरच तडा शिवणं. प्रत्येक कामाचं माप आणि दर वेगळा लिहिलेला हवा, कारण एकरकमी आकड्यावर समोरचा वकील सहज बोट ठेवतो.