भिंतीवरची अक्षरं फोटोतून उतरवून घेताना

‘जे दिसतं ते लिहा’ हा सल्ला मला सुरुवातीला मिळाला होता आणि अजूनही नव्या माणसांना तोच दिला जातो. हाताने रंगवलेल्या पाटीपुरता तो बरोबर आहे. पण पत्र्याचा छाप ठेवून रंग मारलेल्या अक्षरांत जे दिसतं आणि जे लिहिलंय त्यात फरक असतो. आधी सोपं उरकू आणि मग त्याकडे येऊ.

फोटो मूळ आकारात उघडा, काळं-पांढरं करून एकदा पाहा, आणि लिहिताना शब्द आपोआप सुधारण्याची सोय बंद करा.

मजकूर कशाला म्हणायचं? माझी कसोटी एकच: भिंतीसमोर उभा राहिलेला माणूस ते मोठ्याने वाचेल का? ‘ॐ’ वाचतो, ‘७८६’ वाचतो, मोजणीवाल्यांनी दारावर गेरूने टाकलेला आकडाही वाचतो. हे सगळं मजकुरात जातं. निवडणुकीचं चिन्ह, रंगवलेलं स्वस्तिक, बदामाची आकृती ही चित्रं. त्यांचं वर्णन चौकटी कंसात करा. बाण एकटा असेल तर चित्र, पण ‘दवाखाना’ या शब्दापुढे असेल तर तो वाक्याचा भाग आहे, म्हणून `दवाखाना [बाण उजवीकडे]`. स्प्रेने मारलेली वळणदार सही अक्षरं सुटी करून वाचता येत नसेल, तर `[स्प्रेची सही, अवाच्य]` एवढंच लिहा. तिथे नाव शोधत बसू नका. चुन्याखालून डोकावणारी जुनी अक्षरं मात्र सोडू नका. ती वेगळ्या ओळीत, ‘खालचा थर’ म्हणून. चिकटवलेली कागदी जाहिरात हा भिंतीवरचा मजकूर नव्हे, तिची नोंद वेगळी.

आता छाप. पत्र्यातून अक्षर कापताना त्याचा काही भाग जोडलेला ठेवावाच लागतो, नाहीतर ‘व’च्या पोटातला तुकडा गळून पडेल आणि लांब शिरोरेषेचा पत्रा वाकेल. त्या जोडाच्या जागी रंग लागत नाही, तिथे फट राहते. रोमन अक्षरांत या फटी फारशा नडत नाहीत. देवनागरीत नडतात, कारण आपल्याकडे शिरोरेषेतली फट हाच काही अक्षरांमधला फरक आहे. ‘म’ची डावी शिरोरेषा तुटली की तो ‘भ’ वाटतो, ‘घ’ची तुटली की ‘ध’, ‘य’ची तुटली की ‘थ’. खऱ्या भ, ध, थ यांना डावीकडे वरती एक गाठ असते. पण ती पत्र्यात कापायला अवघड, त्यामुळे कारागीर तिचा नुसता ठिपका करतो किंवा ती रंगाने बुजते.

मी यात चांगलीच फसले आहे. पुण्यातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाच्या भिंतीवर गावांची नावं छापलेली होती आणि पुढे एक स्कूटर उभी होती. ‘सासवड’ आणि ‘जेजुरी’ स्वच्छ होतं. तिसरं नाव मी ‘भोर’ असं वाचलं, भोर तालुक्याखाली नोंदवलं आणि पुढे गेले. महिनाभराने तोच फोटो दुसऱ्या कामासाठी उघडला, तेव्हा ‘सासवड’मधल्या दोन्ही ‘स’ची शिरोरेषाही डावीकडेच तुटलेली दिसली. ‘जे’चीही. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डाव्या खांद्यावर जोड ठेवायची ही त्या कारागिराची सवय होती. मग तिसऱ्या शब्दाच्या पहिल्या अक्षराची फट ‘भ’ची म्हणून पुरावा ठरत नाही. गाठही नव्हती. ते ‘मोर’ होतं, आणि स्कूटरच्या आरशाला लागून आणखी एका उभ्या दंडाची कड दिसत होती. सासवड, जेजुरी, मोरगाव हा एकाच वाटेवरचा क्रम, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. पण क्रम आठवला म्हणून नव्हे, ‘स’च्या फटीमुळे चूक सापडली.

म्हणून छापाचा मजकूर वाचण्याआधी त्याच पत्र्यातली ज्यांच्याबद्दल शंकाच नाही अशी अक्षरं पाहा: स, त, न, र. त्यांच्यावर फट कुठे पडते ते ठरवा आणि मगच अवघड अक्षराकडे वळा. उलट क्रमाने केलंत तर डोळा अपेक्षित शब्द बनवून मोकळा होतो.

ती नोंद मी आता अशी करते:

```
सासवड
जेजुरी
मो[?]र[झाकलेले]
टीप: बहुधा मोरगाव
```

‘गाव’ दिसत नाही, म्हणून ओळीत येत नाही. त्याची जागा टिपेत. आणि शंकेची खूण पूर्ण अक्षरानंतर, मात्रेसकट. ‘म’ आणि ओकाराच्या मध्ये कंस घातलात तर मात्रा सुटी पडते आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. जुन्या शिलालेखांच्या अभ्यासकांची, शंकास्पद अक्षराखाली टिंब देण्याची पद्धत १९३१ मध्ये लायडनला ठरली. काही जण ती इथे वापरायला सांगतात. देवनागरीत ती वापरू नका, वाचणाऱ्याला ते टिंब नुक्ता वाटेल.

छापाचा एक फायदाही आहे: एकच पत्रा भिंतीवर चार-पाच वेळा उमटतो. शुद्धलेखनाच्या शंकेत मी यावरच विसंबते. ‘येथे वाहने लाऊ नये’ असं तीन ठिकाणी उमटलंय आणि तिन्हीकडे ‘लाऊ’ आहे, तर ते कापणाऱ्याने तसंच कापलं. ते तसंच ठेवा. ‘लावू’ करू नका, ‘नये’चं ‘नयेत’ही करू नका. पण एकाच ठिकाणी ‘करु’ आणि बाकी दोन्हीकडे ‘करू’ असेल, तर तिथे उकाराची शेपटी रंगाने बुजली आहे. अनुस्वाराचंही तसंच. दर छापात असलेलं टिंब लिहिलेलं आहे, एकाच छापात असलेला ठिपका हा रंगाचा शिंतोडा. छाप एकदाच उमटला असेल तर निवाडा होत नाही. दिसतं ते लिहून `[?]` द्या.

‘येथें’सारखा अनुस्वार दिसला तर ती चूक समजू नका. १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले, त्याआधी ते शुद्धच होते. पण त्यावरून भिंतीचं वयही ठरवू नका. जुन्या वळणाचे रंगारी पुढेही तसंच लिहीत राहिले. ‘पानी’, ‘जाहीरात’, ‘नाय’ हेही जसंच्या तसं. ‘पानी’ लिहिणारा बहुतेक तसंच बोलतो, आणि तुम्ही ‘पाणी’ केलंत की त्याचं बोलणं नोंदीतून गेलं. शोधण्यासाठी प्रमाण रूप लागतं, हे खरं. त्यासाठी दुसरा रकाना करा आणि त्यात हवं तेवढं शुद्ध लिहा. पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही.

प्रत्येक विचित्र शब्दापुढे `[मूळ तसेच]` लिहिण्याच्या मी विरोधात आहे. भिंतीवरच्या माणसाला पानोपानी चुकीचं ठरवल्यासारखं होतं ते. जिथे वाचणाऱ्याला ही नोंदणाऱ्याची टंकनचूक वाटेल, तिथेच ती खूण द्या.

आकडे भिंतीवर देवनागरी असतील तर देवनागरी, रोमन असतील तर रोमन. खासगी माणसाचा फोन नंबर असेल तर आकडे न देता `[फोन नंबर]` लिहा.

झाल्यावर नोंद दुसऱ्या माणसाला द्या, पण आधी फोटो द्या आणि त्याच्याकडून वाचून घ्या. तुमचा शब्द आधी पाहिला की त्यालाही तोच दिसतो. ‘भोर’ माझ्या सहकाऱ्याने असंच तपासून मंजूर केलं होतं.