ट्रेलिंग स्टॉप-लॉस लावला म्हणून निवांत झालात? या चुका टाळा

सीताबर्डीत संध्याकाळी चहाला जमलो की कोणीतरी नवा पोरगा हमखास म्हणतो, "भाऊ, ट्रेलिंग लावून ठेवला आहे, आता नफा कुठं जात नाही." मी दरवेळी त्याला एकच विचारतो: लिमिट किती ठेवली, म्हणजे कमीत कमी किती भावाला विकणार? बहुतेकांना सांगता येत नाही.

ट्रेलिंगचं काम सोपं आहे. शेअर वर चढला की विक्रीचा ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला विक्रीची ऑर्डर सुटते तो भावही वर सरकवायचा, शेअर खाली आला तरी ट्रिगर खाली आणायचा नाही. चढत्या शेअरमध्ये नफा असाच हळूहळू बांधला जातो. पण ट्रिगर म्हणजे विक्री नव्हे. ट्रिगर लागला की फक्त ऑर्डर बाजारात जाते. ती कोणत्या भावाला खपेल, खपेल की नाही, हे समोरचे खरेदीदार ठरवतात.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका शेअरचे 200 नग मी 412 ला घेतले होते. तो 560 पर्यंत गेला. पाच टक्क्यांच्या हिशेबाने मी जीटीटीचा, म्हणजे ठरलेला भाव येईपर्यंत ब्रोकरकडे थांबून राहणाऱ्या ऑर्डरचा, ट्रिगर हाताने सरकवत 532 वर आणला आणि लिमिट ठेवली 530. गुरुवारी तो 551 ला बंद झाला. रात्री कंपनीचा तिमाही निकाल आला, वाईट आला. शुक्रवारी 9:15 ला पहिला सौदाच 486 ला झाला. 551 आणि 486 च्या मधल्या भावांना एकही सौदा झाला नाही, त्यामुळे 532 ला विकायची संधी कोणालाच नव्हती.

मी तेव्हा बुटीबोरीच्या वाटेवर होतो. मोबाइलवर ट्रिगर लागल्याचा मेसेज आला आणि मी समजलो, माल निघाला. दुपारी डबा खाताना ऑर्डर बुक उघडलं, तर ऑर्डर तशीच पडून. 486 च्या बाजारात माझा माल 530 ला कोण घेणार? घाबरून काहीच केलं नाही, "वर येईल" म्हणत बसलो. शेअर 472 ला बंद झाला.

खरी चूक पुढची. जीटीटी एकदाच लागते. तिने टाकलेली ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, साडेतीनला ती रद्द झाली. सोमवारी माझ्यामागे कुठलाच स्टॉप उरला नव्हता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शेवटी 461 ला विकलं. नफ्याचे हातात यायचे होते 23,600 रुपये, आले 9,800. शुक्रवारी उघडताच विकलं असतं तरी 14,800 सुटले असते.

तेव्हापासून मी लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवतो, आठ-दहा टक्के, फक्त सर्किटच्या, म्हणजे एक्स्चेंजने ठरवलेल्या दिवसाच्या भावमर्यादेच्या, आत. लोक घाबरतात की खालच्या भावात माल जाईल. तसं होत नाही. विक्रीची लिमिट म्हणजे "याच्या खाली नको", ऑर्डर आधी वरच्या खरेदीदारांनाच भिडते. ट्रिगर 532 आणि लिमिट 480 असती, तर मला 486 च्या आसपास भाव मिळाला असता. म्हणजे गॅपने, आदल्या बंद भावापासून थेट खाली उघडण्याने, घातलेला खड्डा भरला नसताच, पण मी त्यातून बाहेर पडलो असतो.

मेसेजवर विसंबू नका. ऑर्डर बुकात "कम्प्लीट" दिसेपर्यंत माल तुमच्याकडेच आहे.

निकालाची तारीख न बघता पूर्ण नग ठेवून झोपणं, ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तारीख कंपनी आधीच जाहीर करते. निकाल बाजार बंद झाल्यावर येणार असेल, तर मी त्याच दिवशी तीनच्या सुमारास अर्धा माल विकतो. गॅपपासून वाचवतात ते कमी नग, ट्रिगर नाही. सकाळी 9:08 नंतर प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्रात, ठरलेला भाव दिसतो. तो लिमिटच्या खाली दिसला तर मी जुनी जीटीटी रद्द करून 9:15 ला स्वतः विकतो.

पाच टक्के सर्किटच्या छोट्या शेअरमध्ये तर स्टॉपवर भरवसाच ठेवू नका. लोअर सर्किट लागलं की खरेदीदारच नसतो, मार्केट ऑर्डरही रांगेत उभी राहते. 23 मार्च 2020 ला तर निर्देशांकच 10 टक्के पडून सगळा बाजार 45 मिनिटं थांबला होता.

बाकीच्या चुका थोडक्यात. रोज तीन टक्के हलणाऱ्या शेअरला दोन टक्क्यांचा ट्रेलिंग लावला तर चांगला शेअर सकाळच्या झटक्यातच हातचा जातो. घाई करणारे हेच करतात आणि मग बाजाराला दोष देतात. मी आधीच्या चढणीत शेअर किती मागे येऊन पुन्हा वर गेला ते बघतो आणि त्याहून थोडं जास्त अंतर ठेवतो. भाव जवळ आला म्हणून ट्रिगर खाली ओढू नका. बोनस किंवा स्प्लिटच्या आधी जुना ट्रिगर काढून नव्या भावाने पुन्हा लावा, कारण 1:1 बोनसनंतर भाव साधारण निम्मा होतो आणि ट्रिगरला ती पडझडच वाटते.