एकट्या ज्येष्ठांसाठी कुत्रा निवडताय? या चुका टाळा

निवृत्त माणसाला सोबत हवी म्हणून घरचे बहुधा दोन महिन्यांचं पिल्लू आणतात. पहिली चूक तिथेच होते. एवढ्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरता येत नाही, म्हणजे रात्रीही उठणं आलं. शिवाय ते सतत पायात घुटमळतं, आणि अडखळून पडण्याची भीती उतारवयातच जास्त. त्यापेक्षा पाच ते आठ वर्षांचा कुत्रा बघा. असा निरोगी कुत्रा सहा-आठ तास सहज थांबतो. शिवाय त्याचा स्वभाव समोर दिसतो. पिल्लाच्या बाबतीत तो नुसता अंदाज असतो.

दुसरी चूक आकारावर भुलण्याची. जॅक रसेल टेरियर दिसायला एवढासा, पण उंदीर-कोल्ह्यांमागे धावण्यासाठी तयार झालेली ही जात. फ्लॅटमध्ये कोंडला तर भुंकून मजला डोक्यावर घेतो. शिह त्झू शांत असतो आणि त्याचे केस फारसे गळत नाहीत, पण ते वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर कानांमागे आणि काखेत गुंता होऊन कातडी ओढली जाते. बोटं आखडत असतील तर दर चार-सहा आठवड्यांनी केस आखूड कापून घेण्याची सोय आधी बघा, मगच शिह त्झू आणा. पगचे केस आखूड असले तरी भरपूर गळतात, आणि उकाड्यात त्याला धाप लागते.

वजनाचं गणित मात्र सोपं आहे. आजारी कुत्र्याला उचलून डॉक्टरकडे न्यावं लागतं. समजा, गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईंना सहा किलोची पिशवी जमिनीवरून नीट उचलता येते, दहाची नाही. मग त्यांनी सहा किलोच्या आतलाच कुत्रा बघावा, मिश्र जातीचा असला तरी उत्तम.

आता भेट. एकदा पाहून ठरवू नका, दोन-तीनदा जा. ज्या हातात पट्टा राहणार आहे, त्याच हाताने दहा मिनिटं फिरवा. दुसरा कुत्रा दिसताच हिसका देत असेल तर नको म्हणा. एका हिसक्यात माणूस पडतो. किल्ल्यांचा जुडगा खाली टाका. दचकून दोन क्षणांत सावरला तर ठीक. बराच वेळ कोपऱ्यात दडून राहिला तर जिन्यातल्या प्रत्येक आवाजाला तो घाबरेल. पंजे आणि कान हाताळून बघा. मग त्याला खोलीत एकटा ठेवून दाराबाहेर पंधरा मिनिटं थांबा. थोडं कुणकुणून झोपला तर चालेल. दार ओरबाडत, लाळ गाळत राहिला तर शेजाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या.

दात बघायला विसरू नका. छोट्या जातींत हिरड्यांचा आजार फार, आणि दात साफ करायला सहसा भूल द्यावी लागते. तोंडाला उग्र वास येत असेल तर कुत्रा घरी नेण्याआधीच तपासणी करून घ्या.

कागदपत्रांसोबत एक चिठ्ठी हवी: मालक अचानक रुग्णालयात गेल्यास कुत्रा कोणाकडे राहील, किती खातो, औषधं कोणती. ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि जादा किल्ली त्या माणसाकडे आधीच देऊन ठेवा.