‘आयसोमेट्रिक’ एवढंच लिहून भागलं नाही

किराणा दुकानांसाठीच्या बिलिंग मशीनची वेबसाइट करत होतो. पानाच्या सगळ्यांत वरच्या भागाच्या, म्हणजे हिरो सेक्शनच्या, चित्रासाठी ब्रीफमध्ये मी एवढंच लिहिलं: ‘क्लीन आयसोमेट्रिक थ्रीडी’. चित्र देखणं आलं, पण आमच्या आयसोमेट्रिक, म्हणजे समांतर कडा समांतरच ठेवून काढलेल्या, आयकॉनशेजारी मशीन कलंडल्यासारखं दिसायचं. कडांवरून रेघा वाढवून पाहिल्या, तर समांतर असायला हव्या त्या मागे एकमेकींजवळ येत होत्या. म्हणजे कॅमेरा पर्स्पेक्टिव्हवरच होता.

दुसऱ्या ब्रीफमधून विशेषणं काढली. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा `Orthographic`, रोटेशन `X 54.736`, `Y 0`, `Z 45`. बरेच जण X ला 60 ठेवतात. मग कडा आडव्या रेषेशी ३०° ऐवजी साधारण २६.६° चा कोन करतात आणि आयकॉनशी जुळत नाहीत. ‘क्लीन’ म्हणजे काय, तेही लिहिलं: वरची बाजू सगळ्यांत उजळ, डावी मध्यम, उजवी गडद, टेक्श्चर नको, सावली एकच, मऊ, मशीनच्या बुडाशी, पार्श्वभूमी पारदर्शक. बिलाचा कागद मात्र बाहेर आलेला हवा, नाहीतर ते मशीन नुसता खोका वाटतं.

नवीन चित्र आल्यावर आधी स्क्रीनला कोनमापक लावला. कडा तीस अंशांवर होत्या.