लॅबच्या उद्घाटनाचं भाषण दोन मिनिटांत कसं बसवायचं

गेल्या महिन्यात आमच्या पुण्यातल्या कॉलेजात नवीन लॅब बिल्डिंगचं उद्घाटन होतं आणि मॅडमच्या भाषणाचा ड्राफ्ट माझ्याकडे आला, चार पानं. सुरुवात अशी: "आजच्या या मंगल प्रसंगी व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर, नूतन अद्ययावत प्रयोगशाळा इमारतीचा लोकार्पण सोहळा संपन्न होत असताना मला अत्यानंद होत आहे." एवढं बोलूनही लॅबबद्दल काहीच कळत नाही.

मान्यवरांची यादी आधी काढली, ती निवेदक वाचतोच, परत वाचली की लोक मोबाईल काढतात. मग मॅडमना विचारलं, जुन्या लॅबमधलं काय आठवतं? त्या म्हणाल्या, घातक वाफा बाहेर ओढून घेणारा एकच फ्यूम हूड होता, ॲसिडचं काम असलं की पोरं बाहेर पॅसेजमध्ये जर्नल घेऊन उभी. झालं, तीच सुरुवात केली:

"नमस्कार. जुन्या लॅबमध्ये एक फ्यूम हूड होता आणि बाहेर रांग. इथे सहा आहेत. आता थांबायचं नाही, प्रयोग करायचा."

पुढे आभार, पण नुसते "सर्व संबंधितांचे" नाही, तर ज्यांनी गॅसलाईन आणि ड्रेनेजचं काम केलं त्या प्लंबर-वायरमन मंडळींना समोर बघून, नावानिशी. तिथे टाळ्या सगळ्यात जास्त पडल्या, खरंच.

मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा, म्हणजे दोनशेत थांबायचं. घरी मोठ्यानं वाचा, "संपन्न", "लोकार्पण" अशा शब्दाला जीभ अडखळली की तो बदला. शेवटचं वाक्य "चला, आत जाऊन बघूया" ठेवा आणि फितीकडे चालायला लागा.