एकत्र बेरीज उलटं सांगते तेव्हा: टक्केवारी फोडून कशी पाहावी

१९८६ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मुतखड्यावरच्या उपचारांचे आकडे प्रसिद्ध केले. मोठा छेद घेऊन केलेल्या उघड्या शस्त्रक्रियेत ३५० पैकी २७३ रुग्ण बरे झाले, म्हणजे ७८ टक्के. पाठीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढला तेव्हा ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीण जिंकली, असं वाटतं ना? थांबा.

पहिली पायरी: कोणता उपचार कोणाच्या वाट्याला आला ते विचारा. इथे तो चिठ्ठ्या टाकून ठरला नव्हता. मोठा खडा काढणं मुळातच अवघड, आणि असे रुग्ण बहुतेक उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले होते. म्हणजे खड्याचा आकार उपचाराची निवडही ठरवतो आणि निकालही. दोन्हीकडे हात असलेल्या अशा तिसऱ्या घटकाला संख्याशास्त्रात कन्फाउंडर म्हणतात.

दुसरी पायरी: त्या घटकानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटात टक्केवारी नव्याने काढा.

लहान खडे: उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ (९३ टक्के), दुर्बीण २७० पैकी २३४ (८७ टक्के).
मोठे खडे: उघडी २६३ पैकी १९२ (७३ टक्के), दुर्बीण ८० पैकी ५५ (६९ टक्के).

दोन्ही गटांत उघडी शस्त्रक्रिया पुढे! आकडे तेच, बेरीजही बरोबर, तरी निष्कर्ष उलटला. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. दुर्बिणीच्या ३५० पैकी २७० रुग्ण सोप्या खड्यांचे होते, उघड्या शस्त्रक्रियेच्या ३५० पैकी २६३ अवघड खड्यांचे. एकाला सोपा पेपर, दुसऱ्याला अवघड, आणि आपण नुसते गुण बघत होतो.

तिसरी पायरी: दोघांना एकच पेपर द्या. एकूण ७०० रुग्णांत ५१ टक्के लहान खड्यांचे, ४९ टक्के मोठ्यांचे. हेच प्रमाण दोन्ही उपचारांना लावा. उघड्या शस्त्रक्रियेसाठी ९३ चे ५१ टक्के आणि ७३ चे ४९ टक्के, बेरीज सुमारे ८३. दुर्बिणीसाठी तसंच केलं की सुमारे ७८. आकड्यांनी चक्क जागा बदलल्या.

आता सावधगिरी, कारण ही युक्ती हाती आली की माणूस दिसेल त्या गोष्टीवर गट पाडत सुटतो. तो घटक उपचाराच्या आधी ठरलेला असायला हवा. खड्याचा आकार आधीच ठरलेला होता. पण शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला की नाही यावर गट पाडलेत, तर उपचाराचाच एक परिणाम तुम्ही हिशोबातून पुसून टाकाल. कशावर फोडायचं हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी आजार आणि उपचार कळावे लागतात.

शिवाय गटांतला फरक लहान आहे, आणि रुग्णाचं वय किंवा खड्याची जागा यांचीही अशीच लुडबूड असू शकते. त्यामुळे या आकड्यांवरून उघडी शस्त्रक्रियाच सरस, असंही मी म्हणणार नाही. ते ठरवायचं तर कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावं लागेल.